एकालाच 90 दिवस का द्यायचे आणि 2 टक्के कशाचे

संभाजीनगरला गारखेड्यात माझा 2 बीएचके फ्लॅट आहे, मी आता पुण्यात मुलाकडे असतो. चार ब्रोकरला सांगून ठेवलंय, त्यांना विकल्यावर 1 टक्का द्यायचा, आधी काही नाही. तुम्ही म्हणताय फ्लॅट विकायचं काम 90 दिवस फक्त मलाच लिहून द्या आणि फी 2 टक्के. चार जण शोधायलेत ते सोडून एकालाच का देऊ? तुम्ही नक्की काय जास्तीचं करणार? आणि उद्या तुमच्याकडून झालंच नाही तर मी अडकलो का?

काका, तुमचा फ्लॅट मी आतून पाहिलाय आणि बाहेर तो कसा फिरायलाय तेही पाहिलंय, म्हणून आधी बाहेरचं सांगतो. पोर्टलवर तुमचा एकच फ्लॅट तीन ठिकाणी आहे. एकाने 61 लाख टाकलेत, दुसऱ्याने 57 आणि तिसऱ्याने साडेचोपन्न. एकाने एरिया 1050 स्क्वेअर फूट लिहिलाय, दुसऱ्याने 950, आणि तुमच्या खरेदीखतात कार्पेट 59.5 चौरस मीटर आहे म्हणजे साधारण 640 फूट. फोटो तिघांचे तेच, मोबाईलवर संध्याकाळी काढलेले, हॉलमध्ये भाडेकरूची दोरी बांधलेली आणि त्यावर कपडे. आता घेणारा माणूस काय करतो, तो रात्री जेवण झाल्यावर बायकोसोबत बसून हेच तीन पेज बघतो, बिल्डिंगचा गेट ओळखतो आणि सकाळी साडेचोपन्नवाल्याला फोन लावून पन्नासपासून सुरुवात करतो. तुम्ही तोंडाने 58 म्हणालात तरी बाजारात तुमचा भाव सगळ्यात खालच्या ब्रोकरने ठरवलेला असतो. चार जणांकडे दिल्यावर होतं ते हे.

त्यात त्या ब्रोकर लोकांना मी वाईट म्हणत नाही, त्यांचं गणित बघा. चौघांपैकी एकालाच पैसे मिळणार आणि तेही कधी ते माहिती नाही, मग कोण खिशातून फोटोग्राफर लावेल, कोण तुमची कागदं तपासायला सब रजिस्ट्रार ऑफिसात बसेल? त्याच्यासाठी शहाणपणाचं काम हेच की फुकटची जाहिरात टाकायची, भाव थोडा कमी दाखवायचा म्हणजे फोन आपल्याला येतो, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला तुमचा फ्लॅट नाही जमला तर दुसरा दाखवायचा. त्याला गिऱ्हाईक महत्त्वाचं, तुमचा फ्लॅट नाही. एकाच माणसाच्या नावावर लेखी काम आलं की त्याला त्या फ्लॅटवर खर्च करायला कारण मिळतं. 90 दिवस मागतो ते एवढ्याचसाठी.

आता काम काय करणार ते. पहिले दहाबारा दिवस मी तुमचा फ्लॅट कुणालाच दाखवणार नाही. सगळ्या जुन्या जाहिराती काढून घेतल्याशिवाय नवीन टाकायचीच नाही, कारण जुनी साडेचोपन्नची जाहिरात एक जरी राहिली तरी नवीन भाव टिकत नाही. तुम्ही ब्रोकरांना मेसेज टाकायचा, पाठपुरावा मी करतो, आणि जो काढणार नाही त्याची जाहिरात मालकाची परवानगी नाही म्हणून पोर्टलला रिपोर्ट करता येते, त्यासाठी तुमचं एक ओळीचं पत्र लागतं.

याच दिवसांत कागदांची फाईल करायची. तुमच्या केसमध्ये खरी अडचण मला इथं दिसायलीय म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही बिल्डरकडून नाही घेतला, पहिल्या मालकाकडून घेतला. म्हणजे साखळी अशी, बिल्डर ते पहिला मालक, पहिला मालक ते तुम्ही. घेणारा लोन करणार असेल, आणि या रेंजमध्ये बहुतेक लोनवालेच येतात, तर त्याच्या बँकेचा वकील दोन्ही व्यवहारांची मूळ कागदं आणि दोन्ही इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी खात्याचे व्यवहाराचे उतारे मागतो. तुमचं स्वतःचं खरेदीखत बँकेत आहे कारण तुमचं साडेसहा लाखाचं लोन बाकी आहे, पण पहिल्या मालकाचं बिल्डरसोबतचं मूळ ॲग्रीमेंट बँकेत जमा आहे का तुमच्या कपाटात आहे का पहिल्या मालकाकडेच राहिलं हे तुम्हाला फोनवर सांगता आलं नाही. हे विसार झाल्यावर कळलं तर महिना जातो आणि गिऱ्हाईकही जातं. म्हणून पहिलं काम, तुमच्या बँकेकडून जमा कागदांची यादी काढायची, त्याला ते एलओडी म्हणतात, तुम्ही अर्ज आणि सही द्या बाकी मी बघतो. त्यात मूळ ॲग्रीमेंट असेल तर प्रश्नच मिटला. नसेल आणि कुठंच सापडत नसेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, पेपरात जाहीर नोटीस आणि सब रजिस्ट्रारकडून सर्टिफाईड कॉपी, असं करून बऱ्याच बँका चालवून घेतात, सगळ्याच नाही, पण ते आत्ता शांतपणे करायचं काम आहे.

त्यासोबत भोगवटा प्रमाणपत्र, मनपाची टॅक्स पावती, लाईट बिल, सोसायटीचं काही थकीत नाही असं पत्र, आणि मंजूर नकाशा. नकाशा यासाठी की तुमच्या मागची बाल्कनी ग्रिल लावून किचनला जोडलेली आहे. बँकेचा व्हॅल्युअर नकाशावर जे आहे तेच धरतो, त्यामुळं ती जागा वापरायला चांगली आहे असं सांगायचं, एरियात धरून विकायची नाही. तुमचं एक नशीब चांगलं, बिल्डिंग साधी एनए जमिनीवर आहे. आपल्या शहराच्या सातारा देवळाई भागात गुंठेवारीतल्या बिल्डिंगचे फ्लॅट विकताना अर्धा वेळ बँक कोणती चालेल हे शोधण्यातच जातो.

भावाचं असं आहे. तुम्ही 61 ऐकलंय म्हणून 61 डोक्यात बसलंय, मी समजू शकतो. पण भाव ठरवायला जाहिराती बघायच्या नसतात, जाहिरात म्हणजे मागणाऱ्याची इच्छा. नोंदणी खात्याच्या वेबसाईटवर ई-सर्च आहे, तिथं इंडेक्स टू बघता येतो, त्यात व्यवहार किती रुपयाला झाला आणि एरिया किती हे दोन्ही असतं. तुमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधले मला अलीकडचे तीन सापडले. एक 640 फुटाचा पहिल्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेल्या विंगमध्ये, साडेअठ्ठेचाळीस लाख. दुसरा 655 फुटाचा, 52 लाख, त्यात मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब होते. तिसरा 630 चा, 51 लाख, पार्किंग उघडी. कार्पेटवर भागलं की पहिला साधारण 7,580 रुपये फूट पडतो, दुसरा 7,940, तिसरा 8,095. तुमचं लिफ्ट आहे, दुसरा मजला आहे, स्टिल्टमधली पार्किंग आहे, पण किचन जुनं आहे आणि बाथरूमच्या भिंतीला ओल आहे. नोंदणीचा आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा कमी लिहिलेला असतो हे मलाही माहिती आहे, म्हणून त्या दोन बिल्डिंगमधल्या ओळखीच्या लोकांशीही बोललो. सगळं धरून माझं मत, व्यवहार साडेबावन्न ते 54 च्या मधी होईल आणि जाहिरातीत साडेपंचावन्न लावायचे. 61 लावून तीन महिन्यांनी 54 वर आलो तर लोक विचारतात याच्यात काही लफडं आहे का. तुम्हाला 61 च्या खाली विकायचाच नसेल तर मला सांगा, मी हे काम घेणार नाही, तुमचे 90 दिवस अडकवून मला काही मिळणार नाही.

आणि हे सगळं व्हाईटमध्ये. घेणारा थोडे रोख देतो म्हणाला तरी नाही म्हणायचं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घ्यायला इन्कम टॅक्सची बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच लागू शकतो, म्हणजे 5 लाख घेतले तर 5 लाख. शिवाय 50 लाख किंवा वर रक्कम असली की घेणारा 1 टक्का टीडीएस कापून भरतो, तो तुमच्या पॅनवर दिसतो, रिटर्नमध्ये हिशोबात येतो, त्याला घाबरू नका.

फ्लॅटमध्ये खर्च फार नको. ओल आलेल्या भिंतीचं कारण वरच्या बाथरूमचा पाईप आहे की बाहेरची भेग, ते प्लंबरला दाखवून आधी काढायचं आणि मग रंग. नुसता रंग मारला तर पंधरा दिवसात डाग परत येतो आणि दुसऱ्यांदा बघायला आलेल्या माणसाला तोच दिसतो. एवढं दुरुस्तीचं काम तुमच्या खर्चाने, बिलं तुम्हाला पाठवतो. साफसफाई, दोन नवे एलईडी, फोटोग्राफर, एक मिनिटाचा व्हिडीओ आणि फ्लोअर प्लॅन माझ्या खर्चाने. फोटो सकाळी आठ ते दहा, कारण तुमच्या हॉलमध्ये पूर्वेचं ऊन त्याच वेळेला येतं. जाहिरातीत एरिया कार्पेटच लिहिणार, 640, बाकीचे हजार फूट लिहितात तरी. मोजून बघणारा माणूस आकडा खरा निघाला की बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवतो.

आपल्या शहरात घर घेणारा पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. नळाला किती दिवसाआड येतं, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का, टँकर किती लागतात. त्यावर ब्रोकर म्हणतो पाण्याचं काही टेन्शन नाही आणि कुणाचाच विश्वास बसत नाही. मी तुमच्या सोसायटीकडून मागच्या एप्रिल आणि मे महिन्याची टँकरची बिलं घेतलीत, प्रत्येक फ्लॅटला वाटून किती आलं ते काढलंय, आणि खालच्या टाकीचा आणि बोअरचा फोटो जाहिरातीतच टाकणार आहे. लपवून फायदा नाही, शेजारी सांगतातच. आणि तुमच्याकडं टँकर एप्रिल मे मधेच लागले, बाकी वर्षभर बोअरवर चाललं, ही तर विकायला चांगली गोष्ट आहे, ती आजपर्यंत कुणी सांगितलीच नाही.

गिऱ्हाईक कुठून येणार. एक तर वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्यांत काम करणारे, दुसरे बँकेचे आणि सरकारी नोकरीतले, आणि तिसरे बीड, जालना, परभणीकडचे ज्यांची पोरं इथं शिकायला येणार आहेत. हे तिसरे लोक तुमच्या फ्लॅटसाठी सगळ्यात पक्के, कारण क्लास आणि कॉलेज जवळ आहे आणि जून लागायच्या आत त्यांना ताबा पाहिजे असतो. ते गल्लीतला बोर्ड बघत नाहीत, ते त्यांच्या गावात मोबाईलवर बघतात. म्हणून पाडव्याच्या आठ दहा दिवस आधी लाँच, आणि फेसबुक इन्स्टाची जाहिरात त्या तीन जिल्ह्यांच्या ठिकाणी पंधरा दिवस, दिवसाला 400 रुपये, म्हणजे 6 हजार. दोन पोर्टलवर पैसे भरून वरची जागा. बाल्कनीला बोर्ड. आणि शहरातल्या ब्रोकरांच्या ग्रुपवर फ्लॅट खुला, तुमचे चारही जण त्यात आले. म्हणजे एकालाच दिलं म्हणून बाकीचे बंद होत नाहीत, उलट त्यांनी गिऱ्हाईक आणलं तर माझ्या फीमधून अर्धा टक्का त्यांना देतो, त्यांच्या गिऱ्हाइकाकडून ते काय घेतात ते त्यांचं वेगळं. फक्त भाव एक, फोटो एक आणि किल्ली एकाकडं.

दर रविवारी संध्याकाळी तुम्हाला व्हॉट्सॲपवर हिशोब येईल, किती फोन आले, किती जण बघून गेले, प्रत्येकजण काय म्हणाला, कुणी किती लावले. या हिशोबावरून चूक कुठंय ते कळतं. फोनच येत नसतील तर जाहिरातीतला भाव किंवा फोटो चुकलाय. फोन येतात पण बघायला कुणी येत नाही तर फोनवर काहीतरी ऐकून लोक मागं सरकायलेत, बहुतेक मजला, पाणी नाहीतर पार्किंग. बघून जातात पण बोलणी करत नाहीत तर अडचण फ्लॅटच्या आत आहे किंवा कागदात. आणि तीन वेगवेगळ्या लोकांनी न ठरवता 52 च्या आसपासच लावलं तर काका, तो भाव आहे, मग तुम्हाला किती ताणायचं ते आपण बसून ठरवू. तीन आठवड्यांत जेमतेम चार पाच जणच बघून गेले तर साडेपंचावन्नचे 54 करायचे, हे आत्ताच ठरवून लिहून ठेवू, म्हणजे तेव्हा वाद नको.

आता फी. 54 लाखाला गेला तर 2 टक्के म्हणजे 1 लाख 8 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी 19,440, एकूण 1 लाख 27 हजार 440. ब्रोकरला 1 टक्का म्हणजे 54 हजार. फरक मोठा आहे, नाकारत नाही. पण 1 टक्केवाला घेणाऱ्याकडूनही 1 टक्का घेतो, आणि जो दोन्हीकडून फी घेतो त्याला काम लवकर मिटवायचं असतं, तुमचे दोन लाख वाढले काय कमी झाले काय त्याला फरक चार हजाराचा. मी घेणाऱ्याकडून काहीच घेत नाही, मी तुमच्याच बाजूने बोलतो, आणि हे करारात लिहिलेलं असेल. माझ्या 1 लाख 8 हजारातून दुसऱ्या ब्रोकरचे 27 हजार गेले आणि जाहिरातीचे वीस पंचवीस हजार गेले की उरलं ते माझं. पैसे सगळे रजिस्ट्रीच्या दिवशी, त्याआधी एक रुपया नाही. विसार मोडला तर माझी फी नाही. बँकेने द्या, बिल घ्या आणि बिल जपून ठेवा, कॅपिटल गेन काढताना विक्रीचा खर्च म्हणून ते वजा होतं.

आणि थांबण्याचाही खर्च असतो तो कुणी मोजत नाही. भाडेकरू पोळ्याच्या सुमारास गेला, तेव्हापासून सात महिने रिकामा. भाडं 13 हजार होतं, मेंटेनन्स 1,800, म्हणजे महिन्याला 14,800, सात महिन्यांचे 1 लाख 3 हजार 600. यात लोनचं व्याज धरलेलंच नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, अडकलो का. करार 500 च्या स्टॅम्पवर, 90 दिवसांचा, आपोआप वाढणारा नाही. वर सांगितलेली कामं तारखेसकट त्यात जोडलेली असतील, आणि तिसाव्या दिवसापर्यंत त्यातलं केलं नसेल तर तुम्ही एका मेसेजने करार मोडू शकता, काही देणं लागत नाही. मी सगळं केलं आणि तुमचा विचार बदलला म्हणून मधेच मोडला, तर बिलं दाखवून झालेला खर्च, जास्तीत जास्त 15 हजार, फी नाही. मुदतीआधी विनाकारण काम काढून घेतलं तर भरपाई मागता येते असं करार कायद्यातच आहे, म्हणून ती आत्ताच मोजून ठेवलेली बरी.

तुमच्या नात्यातलं किंवा आधीपासून बोलणी चालू असलेलं कुणी असेल तर त्यांची नावं सही करताना लिहून द्या, त्यांनी घेतला तर माझी फी नाही. त्या यादीबाहेरचा कुणी तुम्हाला डायरेक्ट फोन करून आला तर त्याला माझ्याकडं पाठवायचं, कारण तो माझीच जाहिरात बघून आलेला असतो. आणि 90 दिवस संपल्यावर मी तीन दिवसांत तुम्हाला बघून गेलेल्यांची यादी देईन, त्या यादीतल्या माणसाने पुढच्या 60 दिवसांत घेतला तरच फी लागू. यादीत नाव नाही तर हक्क नाही.

एक गोष्ट कुणाशीही करार करताना बघा, माझ्याशीसुद्धा. हा करार म्हणजे मुखत्यारपत्र नाही. मी तुमच्या वतीने सही करणार नाही, मूळ कागदं घेणार नाही, झेरॉक्सवर काम करणार, आणि टोकनचा चेक तुमच्याच नावाने तुमच्याच खात्यात. आणि कुणी म्हणालं की काका तुम्हाला 50 हातात देतो वरचे आमचे, तर तिथंच थांबा. त्यात घेणाऱ्याने किती दिले ते तुम्हाला कधी कळत नाही, आणि खरेदीखतात पूर्ण रक्कम लिहिली तर टॅक्सचा हिशोब तुमच्या नावावर आणि वरचे पैसे त्याच्या खिशात.

पटलं तर कराराचा मसुदा पाठवतो, तुमच्या मुलाला आणि एखाद्या वकिलाला दाखवा, घाई नाही. फक्त बँकेला एलओडीचा अर्ज मात्र आजच करा, फ्लॅट मला द्या नाहीतर आणखी कुणाला, तो कागद लागणारच आहे. आणि चौघांना पाठवायचा मेसेज असा टाका: "माझ्या गारखेड्याच्या फ्लॅटची तुम्ही टाकलेली जाहिरात कृपया दोन दिवसांत काढून टाका. भाव आणि माहिती बदलायची आहे. नवीन माहिती ग्रुपवर येईल, तुमच्याकडं गिऱ्हाईक असेल तर तेव्हा जरूर आणा, तुमचा वाटा दिला जाईल."